चारही पर्याय खरे असतात तेव्हा

बोरिवली मुंबई महापालिकेच्या हद्दीत कधी आली? पर्याय असे समजू: १८८८, १९५०, १९५७ आणि १९९०. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी बोरिवलीतली मुलंही इथे अडखळतात. त्यांना या सालांची माहिती नसते असं नाही. उलट चारही सालं कुठेतरी वाचलेली असतात, म्हणूनच गोंधळ होतो.

एकेक साल पाहू. १८८८ हे मुंबई महानगरपालिका अधिनियमाचं साल. महापालिकेचा कारभार आजही याच कायद्याने चालतो, पण तेव्हा बोरिवली शहराच्या हद्दीत नव्हतीच. १९५० साली हद्द पहिल्यांदा माहीम-शीवच्या पलीकडे सरकली आणि पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत, पूर्वेला भांडुपपर्यंतची उपनगरं महापालिकेत आली. अंधेरी आणि घाटकोपर त्यातच आले. १९५७ साली हद्द आणखी वर, दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. बोरिवली आणि मुलुंड या दुसऱ्या खेपेतली. 'विस्तारित उपनगरं' हा शब्दप्रयोग आला तो यांच्यासाठीच. १९९०चा हद्दवाढीशी काही संबंध नाही. त्या वर्षी १ ऑक्टोबरला बृहन्मुंबई जिल्ह्याचे मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोन जिल्हे झाले. ही महसुली विभागणी होती. महापालिका एकच राहिली.

उत्तर १९५७. पण उत्तरापेक्षा उरलेल्या तीन पर्यायांकडे पाहायला हवं. त्यातला एकही खोटा नाही. 'अंधेरी कधी आली' असा प्रश्न असता तर १९५० बरोबर ठरलं असतं, 'उपनगर जिल्हा कधी झाला' असं विचारलं असतं तर १९९०. प्रश्न काढणारे शिक्षक हवेतून सालं काढत नाहीत. ते त्याच विषयातल्या शेजारच्या प्रश्नांची खरी उत्तरं उचलून इथे आणून ठेवतात. म्हणून 'हे साल ओळखीचं वाटतं का' असं स्वतःला विचारून काही साधत नाही, कारण ओळखीची तर चारही असतात. विचारायचं ते असं: हा पर्याय कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे? चारपैकी तिघांचे मूळ प्रश्न सांगता आले, तर चौथ्याबद्दलची शंका बहुधा आपोआप मिटते. पाठांतराची वही करायचीच असेल तर तीही याच पद्धतीने करावी. 'महापालिका: १८८८, १९५०, १९५७' अशी रांग लिहू नये. प्रत्येक सालासमोर त्या वर्षी नेमकं काय बदललं ते एका वाक्यात लिहावं.

नागरिकशास्त्रात हा गोंधळ सर्वात जास्त होतो तो कायद्यांच्या तारखांत, कारण एका कायद्याला एकच तारीख नसते. विधेयक मांडलं जातं, दोन्ही सभागृहांत मंजूर होतं, राष्ट्रपतींची संमती मिळते आणि मग एखाद्या ठरलेल्या दिवशी कायदा अंमलात येतो. त्यातून कायद्याच्या नावात एक साल असतं, ते यांपैकी एखाद्या टप्प्याचं असतं. घटनादुरुस्त्यांपैकी परीक्षेत सर्वाधिक दिसणारी जोडी पाहू: ७३वी पंचायतींसाठी, ७४वी नगरपालिका-महापालिकांसाठी. दोन्ही संसदेत डिसेंबर १९९२ मध्ये मंजूर झाल्या, त्यामुळे दोन्हींच्या नावात १९९२ आहे. दोन्हींना राष्ट्रपतींची संमती मिळाली २० एप्रिल १९९३ रोजी. इथपर्यंत त्या जुळ्या आहेत. पुढे वाटा वेगळ्या होतात. ७३वी अंमलात आली २४ एप्रिल १९९३ला, ७४वी १ जून १९९३ला. आता '७४वी घटनादुरुस्ती केव्हा अंमलात आली' या प्रश्नाखाली डिसेंबर १९९२, २० एप्रिल १९९३, २४ एप्रिल १९९३ आणि १ जून १९९३ असे चार पर्याय दिले, तर 'अंमलात' हा एकच शब्द तुम्हाला वाचवू शकतो. त्याऐवजी 'संमती' असेल तर दुसरा पर्याय. 'मंजूर' असेल तर पहिला. २४ एप्रिल मात्र कोणत्याही शब्दाने ७४वीला लागू होत नाही, कारण ती शेजारणीची तारीख आहे. २४ एप्रिल हा राष्ट्रीय पंचायत राज दिन म्हणून पाळला जातो, हे लक्षात असेल तर ती तारीख पंचायतींकडे आपोआप जाते.

मुलुंड किंवा घाटकोपरच्या विद्यार्थ्याला ही जोडी आपल्या वस्तीवरून लक्षात ठेवता येते. मुंबई उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला असे तीन तालुके आहेत. मुलुंड, घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. पण या जिल्ह्याला जिल्हा परिषद नाही. राज्यात छत्तीस जिल्हे आणि चौतीस जिल्हा परिषदा, हा फरक मुंबईच्या दोन जिल्ह्यांमुळे पडतो. म्हणजे आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाच्या निवडणुकीशी संबंध आहे तो ७४व्या दुरुस्तीचा आणि बाराव्या अनुसूचीतल्या अठरा विषयांचा. ७३वी, अकरावी अनुसूची आणि तिचे एकोणतीस विषय हे सगळं ठाण्याच्या पलीकडच्या गावांचं.

याच जोडीत आणखी एक बारीक फसगत आहे. विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक एकच असतो असं गृहीत धरू नये. राजीव गांधींच्या काळात, १९८९ साली, पंचायतींसाठी ६४वं आणि नगरपालिकांसाठी ६५वं घटनादुरुस्ती विधेयक आलं आणि दोन्ही राज्यसभेत पडली. घटनेतल्या प्रत्यक्ष ६४व्या आणि ६५व्या दुरुस्त्या १९९०च्या आहेत आणि त्यांचा स्थानिक स्वराज्याशी संबंध नाही. '६४वी घटनादुरुस्ती पंचायत राजशी संबंधित होती' हे विधान अर्धवट वाचन असलेल्याला म्हणूनच खरं वाटतं. एक शब्द गाळला की विधान उलटतं, आणि इथे गाळलेला शब्द आहे 'विधेयक'.

शिक्षणहक्काचंही तसंच. त्याला मूलभूत हक्काचा दर्जा देणारी ८६वी घटनादुरुस्ती २००२ची, तो राबवणारा कायदा २००९चा आणि तो अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. महाराष्ट्राचा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१चा, त्रिस्तरीय पद्धत सुरू झाली १ मे १९६२ला. इथे तर १ मे ही राज्यस्थापनेचीच तारीख असल्याने घाईत डोळे १९६०वर थांबतात.

आता कारणांकडे वळू. तारखांचा गोंधळ टप्प्यांतून सुटतो, कारणांचा तसा सुटत नाही. तारीख बरोबर किंवा चूक असते, कारण मात्र थोडं जवळचं किंवा थोडं लांबचं असू शकतं. मी यासाठी नेहमी साष्टीचा इतिहास घेतो. एक तर तो आपल्याच पायाखालचा आहे. आजचं अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी गावं जुन्या साष्टी बेटावरची. आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध बऱ्याच अंशी या बेटासाठी झालं.

प्रश्न असा: पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाचं तात्कालिक कारण कोणतं? पर्याय एक, नारायणराव पेशव्यांचा खून. दोन, रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांशी केलेला सुरतेचा तह. तीन, साष्टी आणि वसई मिळवण्याची कंपनीची जुनी इच्छा. चार, वसईचा तह.

आधी घटना क्रमाने लावू. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३७ साली ठाणे आणि साष्टी पोर्तुगिजांकडून घेतली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतला. मुंबईच्या इंग्रजांना हे बेट फार आधीपासून हवं होतं. त्यांची मुंबई म्हणजे समुद्रात लोटलेली चिंचोळी पट्टी, आणि तिला लागून असलेली सुपीक, विस्तीर्ण साष्टी दुसऱ्याच्या ताब्यात. १७७२ साली टॉमस मॉस्टिन कंपनीचा वकील म्हणून पुण्याला गेला, तेव्हा साष्टी आणि वसई मिळवण्याच्या वाटाघाटी हे त्याचं एक काम होतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव पेशवे झाले, पण नाना फडणवीस, सखारामबापू आणि इतर कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध बारभाईंचं कारस्थान उभं केलं. एप्रिल १७७४ मध्ये नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना मुलगा झाला, तेच सवाई माधवराव. रघुनाथरावांचा दावाच संपला आणि ते इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला तह झाला: इंग्रजांनी सैन्य द्यायचं, रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई द्यायची. त्यानंतर युद्धाला तोंड फुटलं.

आता पर्याय पुन्हा वाचा. तिसरा पर्याय खरा आहे आणि सर्वात खोलातला आहे, पण तो 'तात्कालिक' नाही. ही इच्छा तर कितीतरी वर्षं होती, मग युद्ध १७७५ सालीच का सुरू झालं, याचं उत्तर तो देत नाही. मूळ कारण विचारलं असतं तर तोच बरोबर ठरला असता. पहिला पर्यायही खरा, पण तो आणखी एक पायरी मागे आहे. खुनामुळे पुण्यात वारसाचा वाद उभा राहिला, त्या वादामुळे रघुनाथराव एकटे पडले आणि एकटे पडल्यामुळे त्यांनी तह केला. खून आणि युद्ध यांच्यामध्ये एवढे दुवे आहेत. चौथा पर्याय ३१ डिसेंबर १८०२चा, दुसऱ्या बाजीरावांनी केलेला. तो दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाकडे नेतो. उरतो दुसरा, सुरतेचा तह. तो आणि युद्ध यांच्यामध्ये दुसरा दुवा नाही.

तात्कालिक कारण ओळखण्याची माझी कसोटी हीच. पर्याय आणि परिणाम यांच्यामध्ये 'म्हणून' घालून वाक्य म्हणायचं, आणि मध्ये आणखी एक 'म्हणून' शिरतो का ते पाहायचं. 'नारायणरावांचा खून झाला म्हणून इंग्रजांशी युद्ध झालं' हे वाक्य कानाला अडतं, मधलं काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. 'सुरतेच्या तहाप्रमाणे इंग्रजांनी रघुनाथरावांसाठी सैन्य पाठवलं, म्हणून युद्ध सुरू झालं' यात काही सुटत नाही.

पण साष्टीच्या या गोष्टीत खरी परीक्षा पुढे आहे. 'विधान आणि कारण' या प्रकारचा प्रश्न घ्या. विधान: इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला आणि साष्टी घेतली. कारण: सुरतेच्या तहान्वये रघुनाथरावांनी साष्टी इंग्रजांना देऊ केली. दोन्ही वाक्यं खरी. अभ्यास केलेला विद्यार्थी आनंदाने 'दोन्ही बरोबर, आणि कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण आहे' यावर खूण करतो आणि चुकतो. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो डिसेंबर १७७४च्या अखेरीस. सुरतेचा तह झाला मार्च १७७५ मध्ये. जो तह अजून झालाच नव्हता, तो ठाण्यावरच्या हल्ल्याचं कारण कसा असेल? त्या वेळी इंग्रजांनी पुढे केलेलं कारण वेगळंच होतं: पोर्तुगीज आपला गेलेला मुलूख परत घेण्यासाठी आरमार घेऊन येत आहेत, ते पोचण्याआधी आपण पोचलं पाहिजे. तहाने साष्टी मिळाली नाही. आधीच बळकावलेल्या साष्टीवर तहाने शिक्का बसला, एवढंच.

मराठी शाळांतल्या मुलांना सनावळीचा कंटाळा असतो हे मला ठाऊक आहे. पण इथे सनावळी नुसती पाठ करायची नाही, तिने कारण तपासायचं आहे. कारण परिणामाच्या आधी असलंच पाहिजे. त्यासाठी तारीख आणि वार लागत नाहीत. 'ठाणे आधी, सुरत नंतर' एवढा क्रम पक्का असला तरी पुरतो. अर्थात ही कसोटी फक्त पर्याय बाद करण्यासाठी वापरावी. आधी घडलेली प्रत्येक गोष्ट कारण नसते. नाना फडणवीस १८००च्या मार्चमध्ये वारले आणि वसईचा तह त्यानंतर झाला, म्हणून नानांचा मृत्यू हे तहाचं तात्कालिक कारण होत नाही. ती पार्श्वभूमी आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरच्या लढाईत यशवंतराव होळकरांनी बाजीराव आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला आणि बाजीराव पुणे सोडून इंग्रजांकडे पळाले, हे तात्कालिक कारण.

साष्टीच्या निमित्ताने तहांची जी साखळी पाठ्यपुस्तकात येते, तिच्यात पर्याय आणखी जवळ येतात, कारण प्रत्येक तहात साष्टी आहे आणि प्रत्येक वेळी तिचं काही वेगळं ठरलं. सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई दोन्ही इंग्रजांना देण्याचं ठरलं. कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळाला मुंबईकरांनी परस्पर केलेला हा तह मान्य नव्हता. त्यांनी कर्नल अप्टनला पाठवून मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. त्यात रघुनाथरावांचा पक्ष सोडायचं ठरलं, तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडीत सापडली, तेव्हा १७७३नंतर घेतलेला मुलूख परत करण्याचं त्यांनी कबूल केलं. त्यात साष्टीही होती. कंपनीने तो करार फेटाळला. डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडार्डने वसई जिंकली. शेवटी १७ मे १७८२ रोजी महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला: साष्टी इंग्रजांना, वसई मराठ्यांना परत, रघुनाथरावांना पेन्शन, सवाई माधवराव पेशवे.

या साखळीवर हमखास येणारं चुकीचं विधान असं असतं: 'सालबाईच्या तहाने साष्टी व वसई इंग्रजांना मिळाली.' वाक्याचा अर्धा भाग खरा आहे आणि सुरतेच्या तहाचं वाक्य कानात बसलेलं असल्याने उरलेला अर्धाही खरा वाटतो. जोडीने येणारी नावं म्हणूनच सुटी करून वाचावीत. साष्टी मिळाली? हो. वसई मिळाली? नाही. पर्यायात 'व', 'आणि', 'तसेच' दिसलं की तिथे थांबून दोन वेगळी विधानं करायची. वसईच्या नावाबाबत तर दुप्पट सावध राहावं. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने पोर्तुगिजांशी केलेला तहही वसईचाच, १७३९चा वेढा वसईचा आणि १८०२चा तहही वसईचा. प्रश्नात नुसतं 'वसईचा तह' असेल, तर तो कोणाकोणात झाला ते आधी मनाशी ठरवावं आणि मगच पर्याय वाचावेत.

सारख्या नावांची अशीच जोडी संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नांत असते. संयुक्त महाराष्ट्र परिषद १९४६ची, शंकरराव देवांच्या अध्यक्षतेखालची. संयुक्त महाराष्ट्र समिती ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात स्थापन झाली. 'समितीने काढलेल्या मोर्चावर २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला' हे विधान बरोबर की चूक, असं विचारलं तर साष्टीचीच कसोटी लावा. गोळीबार झाला हे खरं. पण त्या दिवशी समिती जन्मालाच आली नव्हती. कारणांचंही तसंच. फाजल अली आयोगाचा अहवाल सप्टेंबर १९५५चा. त्यात विदर्भ वेगळा ठेवून द्विभाषिक मुंबई राज्याची शिफारस होती. मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याची पंतप्रधान नेहरूंची घोषणा १६ जानेवारी १९५६ची. १ नोव्हेंबर १९५६ला प्रत्यक्षात आलं ते विदर्भासह विशाल द्विभाषिक राज्य. नोव्हेंबर १९५५च्या घटनेचं कारण म्हणून जानेवारी १९५६ची घोषणा देणारा पर्याय म्हणूनच एका नजरेत बाद होतो, मग तो कितीही तर्कशुद्ध वाटो. 'आयोगाने मुंबई केंद्रशासित करण्याची शिफारस केली' हेही असंच. निर्णय सरकारचा होता, आयोगाचा नव्हे. कोणी शिफारस केली, कोणी निर्णय घेतला आणि शेवटी काय झालं, या तीन गोष्टींची सरमिसळ हे या प्रकरणातल्या बहुतेक चुकांचं मूळ आहे.

प्रत्यक्ष पेपरात हे सगळं आठवायला वेळ कुठे असतो? म्हणून माझा आग्रह एकाच सवयीचा असतो. पर्याय वाचण्याआधी प्रश्नातल्या क्रियापदाखाली आणि मर्यादा घालणाऱ्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायची: अंमलात, स्थापन, मंजूर, शिफारस, तात्कालिक, मूळ, सर्वप्रथम, नाही. मग पर्यायांवर जायचं आणि प्रत्येकाजवळ त्याच्या खऱ्या प्रश्नाचं एखादं अक्षर टाकायचं. राज्य लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण जातात, त्यामुळे दोन पर्याय ठामपणे बाद झाले असतील तर उरलेल्या दोनांत निवड करणं हिशेबात बसतं. एकही बाद झाला नसेल तर केवळ ओळखीचं वाटतं म्हणून केलेली खूण फायद्याची ठरत नाही, कारण अशा प्रश्नांत ओळखीचं वाटण्याची व्यवस्था प्रश्न काढणाऱ्यानेच केलेली असते.

कधी प्रश्नच सदोष असतो. सुरतेच्या तहाची तारीख काही पुस्तकांत ६ मार्च, काहींत ७ मार्च असते. पर्यायांत दोन्ही आल्या तर अभ्यासाचा इलाज चालत नाही. आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवतो, आणि तिथे 'आमच्या नोट्समध्ये असं आहे' याला किंमत नसते. राज्य मंडळाचं पाठ्यपुस्तक, गॅझेटियर किंवा कायद्याची राजपत्रातली प्रत जोडली तर हरकतीला वजन येतं. घटनादुरुस्तीबद्दल वाद असेल तर अंमलबजावणीची अधिसूचना शोधावी. तिच्यात कलम कोणत्या दिवसापासून लागू झालं ते एका ओळीत लिहिलेलं असतं.